‘शुभेच्या’ ते ‘शुभेच्छा’: एका ओळीच्या दुरुस्तीची गोष्ट

रात्री साडेदहाला शुभेच्छांचं चित्र ग्राहकांना गेलं. सकाळी पावणेनऊला एका ग्राहकाचा निरोप आला: “ताई, शुभेच्छा मिळाल्या, पण छ कुठे गेला?” दुकानाच्या मालकीणबाईंनी तो निरोप जसाच्या तसा मला पाठवला आणि खाली लिहिलं, “दादा, एकच अक्षर आहे. मोबाइलवरच होईल ना? कॉम्प्युटर नाहीये माझ्याकडे.”

मी डीटीपीचं काम करतो, त्यामुळे ‘एकच अक्षर आहे’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो. चित्र साधंच होतं. चौकोनी, १०८० बाय १०८० पिक्सेलचं. वर गडद तांबडा रंग, खाली येईपर्यंत तो हळूहळू केशरी होत गेलेला, आणि सगळीकडे बारीक सोनेरी ठिपके. मधोमध दोन ओळी: पहिली ‘दीपावलीच्या’, दुसरी ‘हार्दिक शुभेच्या’. त्याखाली दुकानाचं नाव, फोन नंबर आणि सुट्टीनंतर दुकान उघडण्याची तारीख.

ही चूक का निसटते ते चित्र पाहताच कळतं. पहिली ओळ ‘च्या’वर संपते आणि दुसरीही ‘च्या’वरच. नुकतंच वाचलेलं अक्षर पुन्हा दिसलं की डोळा ते तपासत नाही, ओळखीचं म्हणून पुढे सरकतो. टाइप करताना पाहिलं तर शुभेच्छा या शब्दात श, उकार, भ, एकार, च, हलन्त, छ आणि काना अशी आठ चिन्हं येतात. चुकीच्या शब्दातही आठच. फक्त सातव्या जागी छ ऐवजी य. शब्दाची लांबीही बदलत नाही, त्यामुळे लांबून दोन्ही सारखेच दिसतात. शुभ आणि इच्छा मिळून हा शब्द झाला आहे हे मनात असलं की छ विसरत नाही, पण रात्री दहा वाजता दुकान आवरताना ते कोणाच्या मनात असतं?

मी ताईंना आधी एकच काम सांगितलं: अ‍ॅप उघडू नका, चित्रातला सगळा मजकूर कागदावर उतरवा. नाव, नंबर, तारीख, सगळं. चित्र दुरुस्त करायला पाऊण तास लागतो. तो गेल्यावर फोन नंबरातही आकडा चुकलाय असं कळलं तर पाऊण तास पुन्हा जातो. उतरवून घेताना माणूस अक्षर-अक्षर बघतो, नुसतं वाचताना बघत नाही.

उतरवताना त्यांना दुसरीच शंका आली. “दीपावली दीर्घ कशी? दिवाळी तर ऱ्हस्व लिहितात ना?” शंका बरोबर होती, पण दुरुस्ती चुकीची झाली असती. दीपावली हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, दीप आणि आवली, म्हणून दी दीर्घ. दिवाळी हा घडत घडत मराठी झालेला शब्द, त्यात दि ऱ्हस्व. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘हार्दिक’ही तपासलं, कारण तिथे ‘हार्दीक’ लिहायची सवय पुष्कळांना असते. इथे ते बरोबर होतं. नंबर आणि तारीखही बरोबर निघाली. म्हणजे चूक खरंच एकच होती, आणि हे आता आम्हाला नक्की माहीत होतं.

मग मी विचारलं, “मूळ फाइल आहे का?” चित्र ज्या अ‍ॅपमध्ये बनलं त्यात ते उघडत असेल तर प्रश्न तिथेच मिटतो: मजकुरावर बोट ठेवा, अक्षर बदला, पुन्हा सेव्ह करा. ताईंना ते चित्र एका ओळखीच्या मुलाने बनवून दिलं होतं आणि तो प्रवासात होता. हाती होती फक्त जेपीजी. जेपीजीत अक्षरं अक्षरं म्हणून उरलेली नसतात, तिथे असतात फक्त रंगाचे ठिपके. त्यामुळे ‘य पुसून छ लिहा’ असं काही करता येत नाही. जुनं झाकायचं आणि वर नवं मांडायचं, एवढंच हाती राहतं.

पण जेपीजी कुठली, यालाही महत्त्व आहे. ताई ग्रुपमध्ये पाठवलेलं चित्र पुन्हा उतरवून घ्यायला निघाल्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना दाबून लहान करतं, आणि अक्षरांच्या कडांभोवती मळकट धूसर दाणे उठतात. अशा चित्रावर नवी स्वच्छ ओळ बसवली की ती शेजारच्या जुन्या ओळीपुढे उठून दिसते. मुलाने पहिल्यांदा पाठवलेली फाइल त्यांच्या गॅलरीत होती, ती घेतली. त्याच्या कामात फेरफार करतोय म्हणून त्याला एक निरोपही पाठवून ठेवला.

अ‍ॅप घेतलं कॅनव्हा, मोफत वापराचं. ताईंच्या फोनवर ते आधीच होतं हे मोठं कारण. थर मांडता येणारं आणि देवनागरी फॉन्ट असलेलं कुठलंही अ‍ॅप चाललं असतं. नवं डिझाइन उघडताना माप स्वतः भरायचं, १०८० बाय १०८०. तयार साचा घेतला तर त्याचं माप वेगळं निघतं, मग चित्र ताणलं तरी जातं किंवा कडेने कापलं तरी जातं. शिवाय एकदा बनवलेल्या डिझाइनचं माप बदलणं मोफत वापरात मिळत नाही, त्यामुळे सुरुवातीलाच नीट भरलेलं बरं.

ताईंनी माझा फोन येण्याआधीच एक प्रयत्न करून पाहिला होता. तो सांगण्यासारखा आहे, कारण बहुतेक जण तोच करतात. त्यांनी ‘च्या’वर तांबड्या रंगाचा चौकोन ठेवला आणि त्यावर ‘च्छा’ लिहिलं. परिणाम त्यांच्याच शब्दांत, “शर्टाला ठिगळ लावल्यासारखं.” दोन कारणं होती. एक, पार्श्वभूमीचा रंग वरून खाली बदलत होता. चौकोनाचा रंग वरच्या कडेला जुळला, खालच्या कडेला नाही. दोन, ‘शुभे’ एका फॉन्टात आणि ‘च्छा’ दुसऱ्या. देवनागरीत हे लगेच उघडं पडतं, कारण शब्दावरची शिरोरेषा एकसंध असते. दोन फॉन्टांच्या शिरोरेषेची जाडी केसभरही वेगळी असली तरी सांध्यावर पायरी दिसते. रोमन लिपीत सुटं अक्षर बदलून कधीकधी निभावतं, आपल्याकडे नाही.

जुन्या चित्रातलंच अक्षर कापून वापरायची युक्तीही मी करतो. एखादी मात्रा राहिली असेल आणि तेच अक्षर त्याच आकारात दुसरीकडे असेल तर तो तुकडा आणून चिकटवायचा. फॉन्ट आपोआप जुळतो. इथे ‘च्छा’ चित्रात कुठेच नव्हता, म्हणून प्रश्नच मिटला. या युक्तीत एक खड्डा आहे, तोही सांगून ठेवतो. मागे एका चित्रात ‘हार्दीक’ दुरुस्त करायला मी ‘दिवाळी’तला ‘दि’ कापून आणला आणि शब्द झाला ‘हादिक’. रफार जुन्या अक्षराच्या डोक्यावर होता, तो झाकला गेला.

म्हणून इथे माझा निर्णय सरळ होता: अक्षर नाही, शब्दही नाही, दुसरी ओळ पूर्ण बदलायची. ‘हार्दिक शुभेच्छा’ सगळंच नवं. पहिल्या ओळीचा फॉन्ट वेगळा आणि दुसरीचा वेगळा असला तर ते ठरवून केलेलं वाटतं, कारण शुभेच्छापत्रात असं नेहमीच असतं. एका ओळीच्या आत फॉन्ट बदलला की ती चूक वाटते.

आता काम. आधी चित्र पानभर बसवलं आणि लॉक केलं, म्हणजे पुढे बोट लागून ते हलायला नको. मग झाकाझाकी बाजूला ठेवून आधी नवी ओळ टाइप केली. क्रम उलटा वाटेल, पण जुनी ओळ दिसत असतानाच नवीचा आकार जुळवता येतो. नव्या ओळीची पारदर्शकता निम्म्यावर आणायची, ती जुन्या ओळीवर ठेवायची, आणि शिरोरेषेवर शिरोरेषा येईपर्यंत आकार कमीजास्त करायचा. फॉन्ट यादीतला बालू घेतला, ठळक. एक टाइप या संस्थेने केलेले बालू आणि मुक्ता हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत, आणि दोन्हींत मराठी जोडाक्षरं नीट बसतात. ज्या फॉन्टच्या नावाशेजारी मुकुटाची खूण असते ते पैसे भरणाऱ्यांसाठीचे. ते घेतले तर शेवटी सेव्ह करताना अडतं.

इथे ताईंना एक गंमत दिसली. त्यांनी अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवलं, ओळ जुनीइतकी रुंद व्हावी म्हणून. शिरोरेषा लगेच तुटली, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळी टोपी. हे अंतर रोमन अक्षरांसाठी केलेलं असतं. देवनागरीत ते शून्यावरच ठेवायचं आणि रुंदी आकाराने साधायची. अक्षरांना बाहेरून वेगळ्या रंगाची कड देतानाही जपावं लागतं, काही फॉन्टांत अक्षरं जिथे एकमेकांवर चढतात तिथे ती कड मधूनच आडवी उमटते. आम्ही कड दिलीच नाही.

मग झाकणं. रंग वरून खाली बदलतो, पण डावीकडून उजवीकडे नाही. या एका गोष्टीवर सगळी दुरुस्ती उभी राहिली. ओळीच्या उजव्या बाजूला सुमारे १५० पिक्सेल रुंदीची मोकळी पट्टी होती, तिथे अक्षर नव्हतं. तेच चित्र गॅलरीतून दुसऱ्यांदा आणलं, खालच्या चित्रावर तंतोतंत बसवलं आणि क्रॉप करून फक्त ती पट्टी ठेवली. ही पट्टी उंचीने हलू न देता फक्त डावीकडे सरकवली की रंग वरपासून खालपर्यंत आपोआप जुळतो, कारण तो त्याच उंचीवरून आलेला असतो. जुनी ओळ साधारण ५४० पिक्सेल रुंद होती, म्हणून पट्टीच्या चार प्रती लागल्या, एकमेकींवर किंचित चढवून. तिसरी ठेवताना ताईंचं बोट खाली घसरलं आणि पार्श्वभूमीत एक उभी रेघ उमटली. पायरीएवढी नाही, पण दिसण्याएवढी. अन्‌डू करून पुन्हा सरकवली.

चारही पट्ट्यांत तेच तेच सोनेरी ठिपके आले, एकसारख्या अंतराने. मला भीती होती की ते छापील कापडासारखं दिसेल. नवी ओळ वर आणून तिची पारदर्शकता काढून टाकल्यावर बहुतेक ठिपके अक्षरांखाली गेले आणि उरलेले कोणी शोधल्याशिवाय दिसत नाहीत. पार्श्वभूमी सपाट एकरंगी असती तर या सगळ्याची गरज नव्हती, चित्रातूनच रंग उचलून एक चौकोन पुरला असता. आणि ओळ एखाद्या दिव्याच्या किंवा चेहऱ्याच्या फोटोवरून गेली असती तर ही युक्तीही चालली नसती. तेव्हा मी जुनी ओळ झाकण्याऐवजी तिच्या जागी पूर्ण रुंदीची रंगीत पट्टी टाकून तिच्यावर मजकूर लिहायला सांगतो. ती लपत नाही, पण मुद्दाम केलेली वाटते.

सेव्ह पीएनजीत केलं. जेपीजी पुन्हा जेपीजीत सेव्ह केली की कडा आणखी एकदा मळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर जाताना ती दाबली जाणारच, पण ते एकदाच व्हावं. त्यानंतर ताई लगेच पाठवायला निघाल्या आणि मी थांबवलं. अ‍ॅपच्या पडद्यावर जे दिसतं तेच फाइलमध्ये उतरतं असं नाही. मी च्छ ऐवजी ‘च्‌’ आणि सुटा छ उतरलेला पाहिला आहे, आणि वरची मात्रा मजकुराच्या चौकटीत कापली गेलेलीही. म्हणून फाइल आधी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवायची, तिथून उघडायची आणि दोन बोटांनी मोठी करून बघायची. ताईंनी ते चित्र आपल्या पुतणीला दाखवलं, काही न सांगता, आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. तिने ‘शुभेच्छा’ वाचलं. पण माणूस सवयीने बरोबरच वाचतो, म्हणून मी दुसऱ्यांदा उलट वाचायला सांगितलं, शेवटच्या अक्षरापासून: छा, च, भे, शु. असं वाचताना शब्दाचा अर्थ डोळ्यांना फसवत नाही.

आता राहिला आधी गेलेल्या चित्राचा प्रश्न. ‘सर्वांसाठी डिलीट करा’ हे व्हॉट्सअ‍ॅपवर साधारण अडीच दिवसांपर्यंत करता येतं, म्हणजे वेळ होती. पण डिलीट केल्यावर ‘हा मेसेज डिलीट केला गेला आहे’ अशी खूण मागे राहते, आणि ज्यांनी तो पुढे पाठवलाय त्यांच्या प्रती तिथेच राहतात. ताईंचं म्हणणं होतं की सगळीकडून काढावं. मी म्हटलं, “अहो, ज्यांनी अजून उघडलंच नाही त्यांच्याकडून काढा. ज्यांनी पाहिलंय त्यांना काढल्यावर उलट कुतूहल वाटेल की काय होतं ते.” शेवटी त्यांनी दोन ग्रुपमधलं काढलं, वैयक्तिक निरोपातलं राहू दिलं आणि स्टेटस बदललं. इन्स्टाग्रामवरही ते चित्र टाकलेलं होतं. तिथे टाकलेल्या पोस्टमधला फोटो बदलता येत नाही, फक्त खालचा मजकूर बदलतो, म्हणून ती पोस्ट काढून नवी टाकली. छ विचारणाऱ्या ग्राहकाला त्यांनी दुरुस्त चित्र पाठवून लिहिलं, “हा घ्या छ.” तो खूश झाला असावा, त्याने हसरा चेहरा पाठवला.

ताईंनी नंतर माझ्याकडून सगळं पुन्हा विचारून वहीत लिहून घेतलं. पुढच्या सणाला मला फोन करायला लागू नये म्हणून. त्यांच्या वहीत ते असं आहे:

१. अ‍ॅप उघडण्याआधी सगळा मजकूर कागदावर उतरवणे. नंबर आणि तारीखसुद्धा.

२. जे चुकलं वाटतं ते खरंच चुकलंय का, कोणाला तरी विचारणे. (दीपावली दीर्घ, दिवाळी ऱ्हस्व.)

३. मूळ फाइल मागणे. नसेल तर पहिली आलेली जेपीजी. ग्रुपमधली नको.

४. माप मूळ चित्राचंच भरणे.

५. अक्षर बदलायचं नाही, ओळ बदलायची.

६. नवी ओळ निम्मी पारदर्शक करून जुनीवर जुळवणे. अंतर शून्य.

७. झाकायला त्याच उंचीची पट्टी, फक्त आडवी सरकवणे. चित्रावरून ओळ जात असेल तर सरळ रंगीत पट्टी.

८. मुकुटवालं काही नको.

९. पीएनजी, मग स्वतःला पाठवून मोठं करून, उलट वाचणे.

यादी एवढ्यावर संपली होती. दहावी ओळ वेगळ्या शाईत आहे, कारण ती संध्याकाळी लिहिली गेली. स्टेटस बदलून झाल्यावर ताईंनी एका जुन्या ग्राहकाला दुरुस्त चित्र म्हणून जे पाठवलं ते जुनंच निघालं. गॅलरीत दोन्ही चित्रं शेजारी शेजारी होती, लहान चौकोनात अगदी सारखी, आणि बोट डावीकडच्यावर पडलं. त्या ग्राहकाने काही विचारलं नाही. ताईंच्या स्वतःच्याच लक्षात आलं, दोन मिनिटांनी. त्यांनी ते डिलीट केलं, बरोबर चित्र पाठवलं, आणि मग वहीत लिहिलं:

१०. जुनी फाइल फोनमधून काढणे. आधी हे, मग पाठवणे.